एकाच वाऱ्यातल्या दोन ग्रिल: धातूंची श्रेणी, खाणीतली धातुकं आणि बाल्कनीतला गंज

ऐरोलीत खाडीकडे तोंड असलेल्या इमारतींच्या बाल्कन्या खालून नीट पाहा. एकाच मजल्यावर, एकाच खारट वाऱ्यात, शेजारी शेजारी दोन ग्रिल दिसतील. एकीच्या प्रत्येक जोडापासून भिंतीवर तपकिरी ओघळ उतरलेले असतात. दुसरी करड्या रंगाची असते, तिला कधी रंगही लागलेला नसतो, आणि तरी ती जशीच्या तशी उभी असते.

आमच्याच मजल्यावर अशी जोडी आहे. शेजारची मुलगी यंदा दहावीला आहे. धातुविज्ञानाच्या धड्यावरची लहान उत्तरं ती पाठ करत होती. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, ‘लोखंडावर जस्ताचा थर देतात, कारण लिहा’ याचं उत्तर मला येतं. जस्तामुळे लोखंड गंजत नाही. पण आमची ग्रिल जीआयचीच आहे, म्हणजे तिच्यावर जस्त आहेच. मग ती का गंजली?"

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका गॅल्व्हनायझिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली. तरी या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येईना. त्यासाठी आधी श्रेणी, मग खाण, मग गंज असं क्रमाने जावं लागलं. तिला सांगितलं ते असं.

## क्रियाशीलता श्रेणी: माहेरची ओढ कुणाला किती

बहुतेक धातू जमिनीत शुद्ध रूपात सापडत नाहीत. ते ऑक्सिजन, गंधक अशा अधातूंशी जोडलेले असतात, आणि त्या दगडमातीलाच आपण धातुक म्हणतो. धातुक म्हणजे धातूचं माहेर समजा. आपण त्याला तिथून ओढून बाहेर काढतो, पण परत जाण्याची ओढ त्याच्यात शिल्लक राहते. ही ओढ कुणाला किती, याची उतरती यादी म्हणजे क्रियाशीलता श्रेणी.

वरून खाली ती अशी आहे: पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, कथिल, शिसं, तांबं, पारा, चांदी, सोनं. रसायनाच्या भाषेत, वरचा धातू आपले इलेक्ट्रॉन चटकन देऊन टाकतो आणि खालचा ते धरून बसतो. सोनं जवळजवळ देतच नाही, म्हणून ते खाणीत सोनं म्हणूनच सापडतं.

हा क्रम कुणी मनाने ठरवलेला नाही, तो करून पाहता येतो. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाका. थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर बसतो आणि तासाभराने पाण्याची निळाई उतरू लागते. लोखंड वरचं, तांबं खालचं, म्हणून लोखंडाने इलेक्ट्रॉन दिले, ते स्वतः पाण्यात गेलं आणि तांब्याला बाहेर काढलं:

Fe + CuSO₄ → FeSO₄ + Cu

उलटं करून पाहा. फेरस सल्फेटच्या पाण्यात तांब्याची तार कितीही वेळ ठेवा, काहीही होत नाही. वरचा खालच्याला हटवतो, खालचा वरच्याला हटवू शकत नाही. ग्रिलचं सगळं कोडं या वाक्यावर सुटतं.

## काढायची रीत या यादीवरूनच ठरते

ओढ जितकी जास्त, तितकं धातूला माहेराहून सोडवणं अवघड. धातुकातून धातू मोकळा करण्याला क्षपण म्हणतात. क्षपण कशाने करायचं, हे यादीतल्या जागेवरून ठरतं.

अगदी खालच्यांना थोडी उष्णता पुरते. पाऱ्याचं धातुक सिन्नाबार हवेत तापवलं की गंधक वायू होऊन जातो आणि पारा सुटतो. मधल्यांसाठी कार्बन लागतो. कार्बन अधातू असला तरी यादीत त्याची जागा दाखवता येते: ॲल्युमिनिअमच्या खाली आणि जस्ताच्या वर. म्हणून जस्त, लोखंड, कथिल, शिसं यांच्या ऑक्साइडमधून कार्बन ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. लोखंडाच्या झोतभट्टीत कोक जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तोच हेमॅटाइटमधून लोखंड सोडवतो:

Fe₂O₃ + 3CO → 2Fe + 3CO₂

धातुक सल्फाइडचं असेल तर आधी भरपूर हवेत तापवून त्याचं ऑक्साइड करतात, याला भाजणं म्हणतात. कार्बोनेटचं असेल तर कमी हवेत तापवतात, ते निस्तापन. परीक्षेत या दोघांची हमखास गल्लत होते. लक्षात एवढं ठेवायचं की गंधक घालवायला हवा लागते, कार्बन डायऑक्साइड घालवायला नुसती उष्णता पुरते.

जस्ताची एक अडचण मला फार आवडते, कारण ती आपल्या देशात सोडवली गेली. कार्बनने जस्त सुटायला हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, पण जस्त ९०७ अंशांलाच उकळतं. म्हणजे ते सुटतं तेच वाफ होऊन, आणि त्या वाफेला हवा लागली की लगेच परत ऑक्साइड. म्हणूनच लोखंड, तांबं जगाला हजारो वर्षं ठाऊक असताना शुद्ध जस्त मात्र फार उशिरा हाती लागलं. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथे मध्ययुगातल्या कारागिरांनी मातीची बंद भांडी भट्टीत उलटी ठेवली, तोंडाची नळी खाली थंड जागेत सोडली आणि वाफ तिथे धरून जस्त गोळा केलं. वापरून टाकलेल्या त्या भांड्यांचे ढीग तिथे आजही आहेत. आताचं बहुतेक जस्त धातुक भाजून, आम्लात विरघळवून, विजेने काढतात. जस्त ९०७ अंशांना उकळतं हा आकडा मात्र लक्षात ठेवा, ग्रिलपाशी तो परत लागणार आहे.

कार्बनच्या वर जे बसले आहेत त्यांना वीजच लागते. बॉक्साइटपासून मिळालेलं ॲल्युमिना दोन हजार अंशांच्याही वर वितळतं, म्हणून ते वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवतात. मग साधारण साडेनऊशे अंशांवर काम होतं आणि विजेच्या प्रवाहाने ॲल्युमिनिअम तळाशी जमतं. एक किलो ॲल्युमिनिअमला १४ युनिटच्या आसपास वीज जाते. घरातला ७५ वॉटचा पंखा तेवढ्या विजेवर रात्रंदिवस जवळजवळ आठ दिवस फिरेल. ही वीज जाते ती ॲल्युमिनिअमची ओढ तोडायला.

## गंजतं म्हणजे नेमकं काय होतं

भट्टीत आपण लोखंडाचा ऑक्सिजन काढून घेतला. बाल्कनीत तो त्याला परत मिळतो, इतकंच. पण नुसत्या कोरड्या हवेत लोखंड गंजत नाही, आणि उकळून हवा काढलेल्या पाण्यातही गंजत नाही. दोन्ही एकत्र लागतात.

सळईवर पाण्याचा एक थेंब बसलाय असं समजा. थेंबाच्या मध्याखाली हवा कमी पोचते. तिथे लोखंड इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतं. ते इलेक्ट्रॉन सळईतूनच थेंबाच्या कडेला जातात. तिथे हवा भरपूर असते, म्हणून ऑक्सिजन ते घेतो. हे दोन्ही मिळून तपकिरी गंज तयार होतो. म्हणजे प्रत्येक थेंब ही एक छोटी बॅटरी असते. बॅटरीत वीज वाहायला पाण्यात क्षार लागतो, आणि ठाणे खाडीवरून येणारा वारा तो मीठ रोज आणून देतो. पावसाळ्यात सळई आठवडेच्या आठवडे वाळत नाही, म्हणून आपल्याकडे गंजाचा जोर तेव्हा असतो.

गंज पोकळ आणि फुगीर असतो. मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी जास्त जागा घेतो, खालच्या लोखंडाला चिकटून बसत नाही, पापुद्रे सुटतात आणि आतलं ताजं लोखंड उघडं पडतं. जुन्या इमारतींच्या छतातून प्लॅस्टरचे पोपडे पडतात ते आतल्या सळ्या अशा फुगल्यामुळे. वाशीचा खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला. त्याच्या काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारांना गंजाने गाठलं, आणि अखेर शेजारी दुसरा पूल बांधून १९९७ मध्ये तो वाहतुकीला खुला करावा लागला.

## जस्त तर लोखंडापेक्षा वर आहे, मग ते आधी का संपत नाही?

हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि उत्तर असं की ते आधी संपतं, आणि त्याचसाठी लावलेलं असतं.

जस्ताचं काम दोन प्रकारचं. एक, ते पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू देत नाही. हवेत त्याच्यावर आधी ऑक्साइड, मग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेटचा घट्ट करडा पापुद्रा धरतो आणि झीज मंदावते. दोन, ओरखडा पडून लोखंड उघडं झालं, तरी दोन्ही धातू पाण्याने जोडलेले असतात आणि जस्त वरचं असतं. इलेक्ट्रॉन कुणीतरी द्यायचेच असतात, ते जस्त देतं. लोखंडावर ती वेळच येत नाही. याला बलिदानी संरक्षण म्हणतात.

घरी पाहायचं असेल तर तीन ग्लासांत मिठाचं पाणी घ्या आणि तीन साधे खिळे सॅंडपेपरने घासून घ्या. एक तसाच टाका, दुसऱ्याला तांब्याची तार घट्ट गुंडाळा, तिसऱ्याला जीआय तार. दोन-तीन दिवसांत पहिल्या दोन ग्लासांत तपकिरी गाळ दिसेल. तांब्याच्या शेजारचा खिळा काही सुखी राहणार नाही, कारण तिथे खालचा धातू लोखंडाकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो. तिसऱ्या ग्लासात तपकिरीऐवजी पांढुरका गाळ असेल. ते झिजणारं जस्त.

हे बलिदान फार लांबवर चालत नाही. उघड्या हवेत ओल पातळ असते, म्हणून जस्त आपल्या कडेपासून काही मिलिमीटरपर्यंतच लोखंडाला वाचवू शकतं. खिळ्याचा ओरखडा झाकला जातो, बोटभर रुंद उघडा पट्टा झाकला जात नाही.

## मग ती ग्रिल का गंजली?

आता दोन्ही ग्रिल शेजारी ठेवून पाहू.

मुलीच्या घरची ग्रिल तयार जीआय चौकोनी पाइपची आहे. असे पाइप आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून वळवतात. पत्र्यावरचं जस्त ‘जीएसएम’मध्ये मोजतात, आणि १२० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मिळून १२० ग्रॅम. एका बाजूला आले ६० ग्रॅम. एक मायक्रॉन जाडीच्या थरात दर चौरस मीटरला ७.१४ ग्रॅम जस्त बसतं, म्हणजे थर झाला सुमारे ८.४ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

खारट आणि कारखान्यांच्या हवेत जस्त वर्षाला साधारण २ ते ४ मायक्रॉन झिजतं. मधला ३ धरला तर ८.४ मायक्रॉन तीन वर्षांच्या आतच संपले. तिच्या घरी पाइपचा सपाट भाग तिसऱ्या पावसाळ्यात तपकिरी पडू लागला. हिशोब जुळतो.

पण जोड तर पहिल्याच पावसाळ्यात गंजले होते. तिथे ९०७ चा आकडा परत येतो. वेल्डिंगची ठिणगी काही हजार अंशांची असते. जोडाभोवतीचं जस्त तिथे वितळून थांबत नाही, पांढरा धूर होऊन उडून जातं. वेल्डरच्या घशात तो धूर गेला की संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरतो, याला आमच्याकडे ‘झिंकचा ताप’ म्हणत. जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा उघडा पडतो, आणि जस्ताचा पहारा तिथवर पोचत नाही. फॅब्रिकेटरने वरून चंदेरी रंगाचा हात मारला होता. पण साध्या चंदेरी रंगात ॲल्युमिनिअमची भुकटी तेलात किंवा व्हार्निशात घोळलेली असते. तिचे कण लोखंडाला टेकलेले नसतात, म्हणून बलिदान करणारं तिथे कुणीच नसतं. रंगाला तडा गेला की खाली गंज.

शेजारची ग्रिल दहा-बारा मिलिमीटरच्या भरीव सळ्यांची. ती आधी पूर्ण वेल्ड केली आणि मग अख्खी जस्तात बुडवून आणली. हे काम मी रोज पाहिलं आहे. आधी तेल-ग्रीस काढतात. मग हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाकीत गंज विरघळवतात. कार्बनसारखी हायड्रोजनलाही यादीत जागा देतात, आणि लोखंड त्याच्या वर असल्यामुळे आम्ल गंज संपवून लोखंडही खायला लागतं, म्हणून माल टाकीत विसरून चालत नाही. पाण्यातून काढून नवसागर आणि झिंक क्लोराइडच्या द्रावणात बुचकळतात. मग सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काही मिनिटं ठेवतात. या वेळात दोन्ही धातू एकमेकांत शिरून मिश्रधातूचे थर धरतात. जस्त तिथे अंगात भिनतं, रंगासारखं वर तरंगत नाही. इतक्या जाड सळईवर सरासरी ८५ मायक्रॉन थर अपेक्षित असतो. तोच वर्षाला ३ चा दर लावला तर अठ्ठावीस वर्षं. ती ग्रिल लागून अकरा झाली आहेत.

दोन्हींना बाजारात जीआयच म्हणतात. घेताना विचारायचं ते एवढंच: जस्त वेल्डिंगच्या आधी चढलं की नंतर, आणि थर किती मायक्रॉनचा.

## कथिल खालचं असून डब्यांना कथिलच का?

कथिल लोखंडाच्या खाली आहे. म्हणजे कथिलाचा थर अखंड असेतो डबा सुरक्षित, पण खरवडला गेला की लोखंड वरचं ठरतं, तेच आधी खपतं, आणि उघड्या लोखंडापेक्षाही लवकर गंजतं. पोचा आलेला डबा पोच्यापाशी झपाट्याने गंजतो तो यामुळे. तरी अन्नाच्या डब्याला जस्त चालत नाही, कारण आंबट पदार्थांत जस्त विरघळतं आणि पोटात जातं. टोमॅटोच्या रसाला कथिल पुष्कळ सोसतं.

पितळेच्या पातेल्याची कल्हई हीच गोष्ट. ठाण्यातल्या जुन्या पेठांत कल्हईवाला भाता घेऊन बसायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, धूर उठायचा, मग कथिलाची कांडी फिरवून कापसाने पुसून घ्यायचा. कथिल २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून कोळशाची शेगडी पुरायची. नवसागर भांड्यावरचा ऑक्साइड काढतो आणि मग कथिल धरतं. आमच्या कारखान्यातल्या टाकीत तोच नवसागर तेच काम करत होता. आई चिंच-आमसुलाचं सार बिनकल्हईच्या पितळेत कधी करू द्यायची नाही, कारण आंबटाने तांबं अन्नात उतरतं.

## ॲल्युमिनिअम तर जस्ताच्याही वर, मग खिडक्या का टिकतात?

यादीत वर असणं म्हणजे झटकन झिजणं असं नाही. ॲल्युमिनिअमला हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्रा धरतो. लोखंडाच्या गंजासारखा तो सुटत नाही, घट्ट चिकटून पुढची वाट बंद करतो. धनाग्रीकरणात हाच पापुद्रा विजेने मुद्दाम जाड करतात, अगदी १५ ते २५ मायक्रॉनपर्यंत.

त्याची खरी ओढ पाहायची तर रुळांचं वेल्डिंग पाहावं. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनिअमची भुकटी मिसळून पेटवली की ॲल्युमिनिअम ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि वितळलेलं लोखंड खाली साच्यात उतरतं:

Fe₂O₃ + 2Al → Al₂O₃ + 2Fe

रेल्वेत रूळ जोडायला ही रीत आजही आहे.

मीठ मात्र त्या पापुद्र्यालाही टोचतं. खाडीकाठच्या स्लायडिंग खिडक्यांच्या खालच्या पट्टीत खारट धूळ साचते, आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे पांढरे खड्डे पडतात. पट्टी साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवली की ते बरेच टळतात.

## नुसता रंग लावला तर चालणार नाही का?

चालतो, जोवर अखंड आहे तोवर. तुटला की त्याच्या खाली ओल अडकते आणि गंज आतल्या आत पसरतो, वरून फुगा दिसेपर्यंत कळत नाही. म्हणून आमच्या हवेत जस्त खाली आणि रंग वर ही जोडी सगळ्यात टिकते. रंग जस्ताला झिजू देत नाही, आणि रंगाला तडा गेला तर जस्त जागेवर असतं.

नळाच्या बाबतीत याच यादीची आणखी एक खोड दिसते. जीआय पाइपला पितळी व्हॉल्व जोडला की पाइप नेमका व्हॉल्वच्या तोंडाशी गळायला लागतो. पितळेतलं तांबं खालचं, लोखंड वरचं. त्यात पाइपला आटे पाडताना तिथलं जस्त आधीच कापून निघालेलं असतं. प्लंबर दरवेळी आटा नीट बसला नाही म्हणतो. मधे प्लास्टिकचा जोड घातला की इलेक्ट्रॉनची वाट तुटते आणि पाइप वर्षानुवर्षं राहतो.

मुलीच्या वडिलांनी ग्रिल फेकायची ठरवली होती. मी त्यांना आधी रंगांकडे पाहायला सांगितलं. जिथे पांढरी भुकटी आहे तिथे जस्त अजून झिजतंय, म्हणजे शिल्लक आहे. जिथे तपकिरी आहे तिथे ते संपलं. मग पेचकसाच्या टोकाने तपकिरी जागा टोचून पाहिल्या. दोन जोडांपाशी टोक आरपार गेलं, तेवढे तुकडे कापून बदलले. बाकीचे जोड वायर ब्रशने चकाकेपर्यंत घासले, मिठाचा अंश जाईल असे गोड्या पाण्याने धुतले, कोरडे केले, आणि त्यांच्यावर झिंक-रिच पेंटचे दोन हात दिले. या पेंटमध्ये जस्ताची भुकटी इतकी ठासून असते की कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकलेले राहतात, म्हणून तो बलिदानही करतो. गंजावरून किंवा जुन्या रंगावरून मारला तर कण लोखंडाला टेकत नाहीत आणि पैसे वाया जातात. वरून साध्या रंगाचे दोन हात.

घासायचं काम मुलीनेच केलं. वहीत उत्तराखाली तिने पेन्सिलीने एक ओळ वाढवली आहे: "जस्ताचा थर वेल्डिंगनंतर द्यावा."